बाईंच्या भावाचा क्लास

नणंद म्हटली की बायकांच्या डोळ्यांसमोर जे येतं, तसं माझ्या बाबतीत काहीच घडलं नाही. माझ्या नणंदेने मला कधी टोमणा मारला नाही, माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नाही. उलट लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "माझा भाऊ मनाने चांगला आहे, पण त्याला कुणी 'नाही' म्हटलेलं सहन होत नाही. लहानपणी मीच लाड केलेत. तेव्हा तू अधूनमधून म्हणत जा."

मी म्हणत गेले. पण खरं मोठं 'नाही' शेवटी तिनेच म्हटलं.

ताई, म्हणजे माझ्या नणंदबाई, गावातल्या मोठ्या शाळेत गणित शिकवायच्या. नववी आणि दहावीचं. सासरे लवकर गेले तेव्हा माझा नवरा शाळेत होता. ताईंनी नोकरी धरली आणि त्याचं शिक्षण केलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "वेळ कुठे होता? आणि नंतर वेळ झाला तेव्हा सवय झाली होती." वह्यापेन्सिलींच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. रविवारी मात्र जेवायला आमच्याकडे. सासूबाईंची तशी आज्ञाच होती.

नवरा कारखान्यात तपासणी विभागात होता. कारखाना बंद पडला, तेव्हा आमची मुलगी दुसरीत होती. काही महिने तो अर्ज करत फिरला. मग एका संध्याकाळी येऊन म्हणाला, "मी क्लास काढतो. गणिताचा. नववी-दहावी."

कल्पना वाईट नव्हती. गणित त्याचं पक्कं होतं आणि बोलायला तो पहिल्यापासून पटाईत. शाळेपासून दोन गल्ल्या सोडून एक जुनं गोदाम भाड्याने मिळालं. आम्ही भिंती रंगवल्या, कुठून कुठून बाकं आणली. फळा बसवताना सुतार म्हणाला, "थोडा डावीकडे झुकतोय," तर नवरा म्हणाला, "झुकू दे, मुलंही झुकलेलीच असतात." दारातल्या टेबलावर मी बसायचं ठरलं. नावं लिहून घ्यायची, फोन घ्यायचे, पालकांशी गोड बोलायचं.

सगळं झालं. मुलं तेवढी नव्हती.

त्या रविवारी जेवणं आटोपल्यावर त्याने ताईंपुढे विषय काढला.

"ताई, सहामाहीचे निकाल लागले ना तुमचे?"

"लागले."

"नववीत गणितात जे नापास झालेत त्यांची नावं आणि घरचे नंबर दे मला. बाकी काही नको. मी एकेका घरी फोन करतो."

ताई आडवी केलेली उशी पाठीला लावून बसल्या होत्या. त्या सरळ झाल्या. "ते नाही देता येणार, बाळ्या."

"अगं, मी काय त्यांचं वाईट करणार आहे का? नापास झालेल्यांना शिकवणार आहे. भलंच होईल ना त्यांचं?"

"होईलही. पण ती नावं त्यांनी तुला दिलेली नाहीत. शाळेला दिलेत नंबर, मुलाला लागलं-खुपलं तर कळवायला."

"कपाटाची चावी तर तुझ्याकडेच असते."

"चावी माझ्याकडे आहे. कपाट माझं नाही."

नवरा हसला, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. "कोपऱ्यावरच्या क्लासवाल्याकडे कुठून येतात नंबर? निकालाच्या दुसऱ्या दिवशी फोन जातात त्याचे. तुमच्याच शाळेतून कुणीतरी देतं."

"देत असेल. मी नाही दिले."

सासूबाई आतून ऐकत होत्या. पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अगं, सख्खा भाऊ तुझा. संसार उघड्यावर पडायची वेळ आलीय आणि तुला नियम सुचतायत."

"सख्खा आहे म्हणूनच अवघड आहे, आई," ताई म्हणाल्या. "परका असता तर नुसतं 'नाही' म्हणून मोकळी झाले असते. आता उद्या शाळेत जाऊन सांगायलाही लागेल की माझ्या भावाने क्लास काढलाय."

"ते कशाला सांगायचं?" नवऱ्याने विचारलं.

"कारण तुझ्याकडे येणार ती माझीच मुलं. त्यांचे पेपर मी काढते, मीच तपासते. उद्या तुझ्या क्लासातल्या एखाद्याला चांगले मार्क पडले तर लोक काय म्हणतील? आणि कमी पडले, तरी काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी त्या खरोखरच मुख्याध्यापकांकडे गेल्या. पुढे काय झालं ते त्यांनीच नंतर सांगितलं. मुख्याध्यापक भला माणूस, पण कुठलंही काम 'बघू' या शब्दाने सुरू व्हायचं आणि बहुतेक वेळा तिथेच संपायचं. ते म्हणाले, "अहो बाई, तुमच्यावर कोण शंका घेणार? इतक्या वर्षांची तुमची नोकरी."

ताई म्हणाल्या, "शंका यायच्या आधी सोय करावी, सर. आल्यावर केली की ती सारवासारव दिसते. नववी-दहावीचे पेपर काढणं आणि तपासणं दुसऱ्या कुणाकडे द्या. मी सातवी-आठवीचे गठ्ठे घेते. माझं काम कमी करा असं म्हणत नाही."

मुख्याध्यापक म्हणाले, "बघू."

ताईंनी तेच म्हणणं लिहूनही दिलं. त्यावरही काही दिवस बघणंच चाललं.

इकडे आमच्या क्लासात मात्र मुलं यायला लागली. आधी एक-दोन, मग घोळक्याने. मला वाटलं, नवऱ्याच्या शिकवण्याची कीर्ती पसरली. तो शिकवायचाही छान. पण दारातल्या टेबलावर बसलेल्या बाईला जे ऐकू येतं ते फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला येत नाही. एक आई दुसरीला म्हणाली, "बाईंच्या भावाचा क्लास आहे हा." दुसरी म्हणाली, "मग काय, घरचंच काम." दोघी माझ्याकडे बघून अशा हसल्या, जणू आमचं तिघींचं काही ठरलेलं आहे.

मी घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी म्हणालो का तसं कुणाला?"

"तसं म्हणाला नाहीत. पण तसं नाही, असंही म्हणत नाही तुम्ही."

"लोकांच्या तोंडाला हात लावता येतो का, अगं?"

मग एक दिवस पोस्टमन आला. म्हणजे पत्र घेऊन नाही, मुलाचा बाप म्हणून आला. कामावरून थेट आला असावा, खांद्यावर रिकामी पिशवी होती. त्याने आधी फीचा कागद वाचला, दुसऱ्यांदा वाचला, मग खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, एक खरं सांगा. इथे घातलं की शाळेत बाई मार्क वाढवतात, असं म्हणतात. खोटं असेल तर मी पोराला घालत नाही, मला परवडणारं नाही. खरं असेल तर उसने घेतो कुणाकडून तरी."

मी म्हटलं, "अगदी खोटं आहे."

"तुम्ही तसंच म्हणणार," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. "हो कोण म्हणेल तोंडावर?" आणि उद्या येतो म्हणून निघून गेला.

मला त्या संध्याकाळी तोंडात घास घालवेना. तो माणूस खोट्यावर पैसे उसने घेणार होता, आणि माझ्या खरं बोलण्याने त्याचं खोटं आणखी पक्कं झालं होतं. नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. मी ताईंना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं.

ताई म्हणाल्या, "बरं केलंस सांगितलंस. ह्यात तुझं नुकसान आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"ठीक आहे. मग शनिवारी पालकसभेला ये. तुझी मुलगीही त्याच शाळेत आहे, तुला यायलाच हवं तसं."

सभा शाळेच्या मोठ्या दालनात होती. लहान वर्गांचे पालक पुढे, मोठ्या वर्गांचे मागे. मी मधोमध खुर्ची धरली. नवरा आला नव्हता, शनिवारी त्याची जादा शिकवणी असे. मुख्याध्यापकांनी गणवेश, उशिरा येणारी मुलं आणि पाण्याच्या टाकीवर बोलून घेतलं. मग म्हणाले, "बाईंना दोन शब्द सांगायचेत." चेहऱ्यावरून दिसत होतं की बाईंनी त्यांना आदल्या दिवशी चांगलंच धरलं होतं.

ताई उठल्या. वर्गात उभ्या राहत तशाच उभ्या राहिल्या, एक हात टेबलावर.

"मी नववी-दहावीला गणित शिकवते," त्या म्हणाल्या. "माझ्या सख्ख्या भावाने इथे जवळच गणिताचा क्लास काढला आहे. तो चांगलं शिकवतो, असं मला वाटतं. पण बहीण म्हणून वाटतं, तेव्हा माझं मत तुम्ही धरू नका. तुम्ही कुठल्याही क्लासला घाला, कुठल्याही घालू नका, शाळेत त्याने काडीचाही फरक पडणार नाही. आणि तुम्ही नुसता माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा असंही मी म्हणत नाही. या परीक्षेपासून नववी-दहावीचे पेपर मी काढणार नाही, तपासणारही नाही. ते काम दुसऱ्या तुकडीचे सर करतील. उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकलेलं असेल, फक्त क्रमांक दिसेल. तोंडी परीक्षेला माझ्याबरोबर दुसरे शिक्षक बसतील. तपासलेला पेपर प्रत्येक मुलाला बघायला मिळेल. आपले मार्क कुठे गेले ते त्याने विचारावं."

मागून कुणीतरी विचारलं, "मग ज्यांना क्लास परवडत नाही त्यांनी काय करायचं?"

"शाळा सुटल्यावर मी वर्गात तासभर थांबणार आहे. ज्याला अडलंय त्याने यावं. फी नाही. क्लासला जाणाऱ्यानेही यावं आणि न जाणाऱ्यानेही. एकच सांगते, आधी स्वतः करून बघायचं आणि जिथे अडलं तिथे बोट ठेवून यायचं."

पोस्टमन तिसऱ्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता. तो मान हलवत होता, एकटाच, कुणाकडे न बघता.

मला अभिमान वाटला. आणि त्याच वेळी सोमवारी काय होणार तेही मला दिसत होतं.

सोमवारी तसंच झालं. निम्मी बाकं रिकामी. ज्यांना गणित शिकायचं होतं ती राहिली, ज्यांना बाई विकत घ्यायच्या होत्या ती गेली. नवऱ्याला सभेची हकीकत कुणाकडून तरी आधीच कळली होती. सभेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, ताई जेवायला आल्या तेव्हाच तो दारात उभा होता.

"माझ्या पोटावर पाय दिलास तू."

"बाळ्या, तुझ्याकडे मुलं तुझ्यामुळे यावीत. माझ्यामुळे नकोत."

"भाषणं शाळेत कर."

त्यानंतर तो ताईंशी बोलेनासा झाला. सासूबाईंनी रविवार मोडू दिला नाही, त्यामुळे पंगत तीच, पण बोलणं वळसा घालून. "आई, तिला सांग, मीठ इकडे सरकव." मीठ ताईंच्या हाताशी आणि ताई त्याच्या शेजारी. सासूबाई म्हणायच्या, "मी काय टपाल कचेरी उघडलीय का?" आणि तरी निरोप पोहोचवायच्या. ताई निमूट मीठ सरकवायच्या. राग त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसला नाही. जरा थकल्यासारख्या दिसायच्या, एवढंच.

क्लास लंगडत चालला. नवरा मात्र दिवसेंदिवस कडक होत गेला. उरलेल्या मुलांचे निकाल असे लावून दाखवीन की सगळे परत येतील, असं त्याने मनाशी घेतलं होतं. आवाज चढायला लागला. चुकलं की मुलाला फळ्यासमोर उभं करायचा आणि येईपर्यंत खाली बसू द्यायचा नाही.

अशाच एका रविवारी तो सासूबाईंना सांगत होता, म्हणजे खरं तर सगळ्यांना. "एक मुलगी आहे नववीतली. बोलायला हुशार, अक्षर मोत्यासारखं. आणि सात आठे किती विचारलं तर टेबलाखाली बोटं मोजते. नववीत. परवा उभी केली फळ्यासमोर. शेवटी रडायला लागली. आळस दुसरं काय. आईबापांनी डोक्यावर बसवून ठेवलंय."

ताईंचा घास हातात राहिला. मी समोरच बसले होते म्हणून मला दिसलं.

"कुठल्याच मुलाला रडेपर्यंत उभं करू नये," त्या म्हणाल्या.

कितीतरी आठवड्यांनी नवरा थेट त्यांच्याशी बोलला. "का? तुला काही माहीत आहे तिच्याबद्दल?"

"मी एकीबद्दल बोलत नाही. सगळ्यांबद्दल बोलतेय."

"तुझ्याच वर्गातली आहे ती. घरी काही भानगड आहे का? सांगितलंस तर मी वेगळं शिकवीन."

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. काहीतरी ओठांपर्यंत आलेलं मी पाहिलं. मग त्यांनी खाली बघितलं. "आई, भाजी छान झालीय," त्या म्हणाल्या.

"बघितलंस?" नवरा मला म्हणाला. "माणूस विचारतोय आणि ही भाजीचं कौतुक करतेय."

आठवडा गेला नसेल. संध्याकाळचा क्लास सुटला आणि त्या मुलीची आई आली. ती रुग्णालयात परिचारिका होती, गणवेशावरच आली होती. "सरांशी बोलायचंय. मुलं गेल्यावर." मी उठायला लागले तर म्हणाली, "तुम्ही बसा. तुम्हालाही माहीत असलेलं बरं."

नवरा हात झटकत बाहेर आला. तिला बसायला सांगितलं. ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

"माझ्या मुलीला आकड्यांची अडचण आहे, सर. लहानपणापासून. तज्ज्ञांकडून तपासून घेतलंय. बाकी सगळ्यात ती नीट आहे. पण आकडे तिच्या डोक्यात आपल्यासारखे बसत नाहीत. पाढे आज पाठ होतात, उद्या पुसले जातात. त्याला आळस म्हणत नाहीत. शाळेत तिला जादा वेळ मिळतो, कॅल्क्युलेटर वापरू देतात. इथे मी सांगितलं नव्हतं. वाटलं, कशाला आणखी चार लोकांना कळायला हवं. लोक लगेच म्हणतात, मुलगी डोक्याने कमी आहे. पण ती आता क्लासला यायच्या वेळी पोट दुखतं म्हणते."

नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने खुर्ची ओढली आणि बसला. "शाळेत हे कुणाला माहीत आहे?"

"वर्गशिक्षिकेला. म्हणजे तुमच्या ताईंना. त्यांनीच मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, क्लासात मुलीला त्रास होतोय असं कानावर आलंय. सरांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, तुम्ही नाही म्हणालात तर माझ्या तोंडून ते कधी जाणार नाही. दोन दिवस विचार केला मी. मग आले."

"माझं चुकलं," नवरा म्हणाला. लग्न झाल्यापासून त्याच्या तोंडून हे दोन शब्द मी क्वचितच ऐकले होते.

ती गेल्यावर त्याने दिवे मालवले, कुलूप लावलं आणि घराच्या उलट्या दिशेने चालायला लागला. मी मागोमाग. ताईंच्या जिन्यापाशी आल्यावर तो म्हणाला, "तू पण चल. एकट्याला जमणार नाही मला."

ताई आठवीचे पेपर तपासत बसल्या होत्या. गठ्ठा बाजूला सारून त्यांनी आम्हाला जागा केली.

"तुला माहीत होतं," नवरा उभ्याउभ्याच म्हणाला. "मी तुझ्या तोंडावर तिला आळशी म्हणालो. आणि तू म्हणालीस भाजी छान झालीय."

"काय झाली होती देव जाणे. चवच लागली नव्हती मला."

"एक शब्द बोलली असतीस, ताई. एक."

"बोलले असते तर तू त्या मुलीला पुन्हा कधी रडवलं नसतंस. ते मला कळत होतं. जेवण संपेपर्यंत मी तेच करत होते, सांगू का, नको सांगू." ताईंनी चष्मा काढून ठेवला. "पण ते माझं नव्हतं ना सांगायला. तिच्या आईने मला सांगितलं ते वर्गशिक्षिका म्हणून. एकदा ते रविवारच्या पंगतीत आलं की मग ती मला पुढचं सांगेल? दुसरी कुणी सांगेल? आज अमक्याचे वडील घर सोडून गेलेत, तमकीला फिट येते, कुणाची फी कोण भरतंय, हे सगळं मला माहीत असतं. माहीत असतं म्हणून मी त्या मुलांना सांभाळू शकते. ते माझ्याकडे ठेवायला दिलेलं आहे, बाळ्या. माझं झालेलं नाही."

नवरा खाली बसला.

मग ताई म्हणाल्या, "सोमवारीच बोलावलं मी तिच्या आईला. त्याच्या आत करण्यासारखं मला दुसरं काही सुचलं नाही. आता तुझ्याकडून एक हवं."

"मुलीची माफी मागतो. उद्याच. सगळ्यांसमोर उभी केली होती, सगळ्यांसमोरच मागतो."

"माग. पण कारण सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी दारातून ऐकत होते. नवऱ्याने तास सुरू करायच्या आधी तिचं नाव घेतलं. ती घाबरून उठायला लागली तर म्हणाला, "बस, बस. त्या दिवशी मी तुला फळ्यासमोर उभं केलं ते चुकलं. तसं मी कुणालाच करायला नको होतं. पुन्हा होणार नाही." मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, पण का? तिला येत नव्हतं ना?" नवरा म्हणाला, "तुला येतं का सगळं? मग वही उघड." पोरं हसली आणि विषय तिथे संपला. मुलगी हसली नाही. पण तिने वही उघडली.

तिला तो नंतर वेगळं शिकवायला लागला. आकडे थोडे आणि चित्रं जास्त. रात्री घरी कागदाच्या पट्ट्या कापत बसायचा. भूमितीत तिचं डोकं किती चालतं हे पाहून थक्क व्हायचा आणि मला सांगायचा, मग एकदम थांबून म्हणायचा, "तू कुठे बोलू नकोस हं." मी म्हणायचे, "मी कुणाची भावजय आहे?" दहावीत ती गणितात पास झाली. काठावर, पण स्वतःच्या पायांवर. पुढे इमारतींचे आराखडे काढायला शिकली. पोस्टमनचा मुलगा आमच्याकडे कधी आलाच नाही. तो दोन वर्षं ताईंच्या शाळा सुटल्यानंतरच्या तासाला बसला आणि त्याला आमच्या बऱ्याच मुलांपेक्षा जास्त मार्क पडले. नवरा म्हणाला, "फुकटचा क्लास माझ्यापेक्षा चांगला आहे," आणि पहिल्यांदाच त्यावर मोकळेपणाने हसला.

क्लास हळूहळू भरला. या वेळी मुलं त्याच्या शिकवण्यामुळे आली. एखादा नवा पालक अजूनही टेबलाशी वाकून विचारतो, "बाईंचा हा क्लास ना?" तेव्हा मला काही बोलावंच लागत नाही. आतून नवराच ओरडतो, "बाईंच्या भावाचा आहे. बाईंना त्याचं काही देणंघेणं नाही. तरी घालायचं असेल तर घाला." दोघं-तिघं तेवढ्यावर परत गेले. त्याने वाईट वाटून घेतलं नाही.

मुख्याध्यापक निवृत्त झाले. जायच्या आधी त्यांनी एक गोष्ट मात्र 'बघू' न म्हणता केली. ज्या शिक्षकाचं जवळचं माणूस शिकवणी घेतं त्याने तसं कळवायचं आणि त्या वर्गाच्या परीक्षेच्या कामातून बाजूला राहायचं, असा शाळेत नियमच झाला. कोपऱ्यावरच्या क्लासवाल्याचे फोन त्यानंतर बंद झाले, एवढं मला माहीत आहे. कुणी बंद केले ते माहीत नाही. ताईंना असेल, तर त्यांनी सांगितलेलं नाही.

मग आमचीच मुलगी नववीत गेली. ताईंनी आधीच तिला दुसऱ्या तुकडीत घालायला लावलं. मुलगी फुरंगटली. "सगळ्यांना आत्या शिकवते आणि मलाच नाही." एकदा तिने लाडीगोडी लावून विचारलं होतं, "आत्या, पेपरात काय येणार गं?" ताई म्हणाल्या, "गणित."

तिच्या सहामाहीचा निकाल एका शुक्रवारी हातात आला. गणितात जेमतेम. बापाचा क्लास घरचा, आत्या शाळेची, आणि मुलगी जेमतेम. नवरा शनिवारभर घरात येरझाऱ्या घालत होता.

रविवारी ताई आल्या. चपला काढता काढता म्हणाल्या, "अगं, निकाल लागला ना तुझा? कसे पडले?"

मुलीने बापाकडे पाहिलं, बापाने माझ्याकडे. शिक्षकांच्या खोलीत त्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ताईंच्या टेबलापासून हातभर अंतरावर चांगले दहा-बारा दिवस पडून होता. शेजारच्या सरांना विचारलं असतं तरी एका क्षणात कळलं असतं.

"तुम्हाला माहीत नाही?" मी विचारलं.

"मला कसं माहीत असणार? मी तिची शिक्षिका नाही," ताई म्हणाल्या आणि पाण्याचा पेला घेऊन मुलीशेजारी बसल्या. "सांगायचे असतील तर सांग. नसतील तर जेवू आपण आधी."

मुलगी हळूच उठली, आतून आपली उत्तरपत्रिका घेऊन आली आणि ताईंच्या मांडीवर ठेवली.